आत्तींची चटणी आणि वासाच्या डब्या: डिमेन्शिया झालेल्या माणसासोबत वासातून गप्पा कशा माराव्यात

“माझी परीक्षा घ्यायला बसलीयास व्हय?” असं म्हणत आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, लवंगेची डबी माझ्या हातातून ढकलली आणि त्या उठून आत गेल्या. टेबलावर मी सात डब्या ओळीनं मांडल्या होत्या. एकेक उघडून नाकाशी नेत होते आणि दर वेळी विचारत होते, “आत्ती, हे काय आहे सांगा बघू?” पन्नास वर्षं ज्यांनी घरची चटणी केली त्यांना मी लवंग ओळखायला लावत होते आणि त्यांना ती ओळखता येत नव्हती. राग येणारच.

त्याला आता सहा वर्षं झाली. आत्तींना तेव्हा अल्झायमरचा मधला टप्पा होता. त्या दिवसानंतर मी हा प्रकार मुळापासून शिकले, आणि मग आमच्या कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आणि आसपासच्या चार-पाच घरांत जाऊन तिथल्या सुनांना, मुलांना, दिवसभर सांभाळायला येणाऱ्या मावशींना दाखवलाही. ज्यांनी हे कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी लिहितेय. एक गोष्ट आधीच सांगते. यानं आजार थांबत नाही आणि गेलेली स्मृती परत येत नाही. आठवणींच्या गप्पांवर आधारलेल्या उपचारांचा कोक्रेन या संस्थेनं 2018 मध्ये आढावा घेतला होता, त्यातही फायदा थोडा आणि सगळीकडे सारखा नाही असंच दिसलं. मिळते ती बरी गेलेली वीस मिनिटं. कधी त्यापाठोपाठ दोन घास जास्त जातात, कधी आंघोळीची कटकट कमी होते.

वास ओळखता येत नाही, पण पोचतो

डोळ्यांचे, कानांचे संदेश मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या चौकीवर थांबतात आणि मग पुढे जातात. वासाला ही चौकी आधी लागत नाही. तो थेट भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांच्या शेजारी उतरतो. म्हणूनच एखाद्या वासानं आधी पोटात कालवतं किंवा बरं वाटतं आणि कशाचा वास ते मागाहून सुचतं. आपलंही असंच होतं.

अडचण अशी की अल्झायमरची पडझड जिथून सुरू होते तो भाग याच वाटेवर आहे. त्यामुळे वासाचं नाव सांगणं फार लवकर जातं, कित्येकदा विसराळूपणा घरच्यांच्या लक्षात येण्याआधीच. लवंग नाकाशी धरून “हे काय?” असं विचारणं म्हणजे जे आधीच गेलंय तेच मागणं. त्यापेक्षा “हे बरं झालंय का?”, “कुणाच्या घरी असा वास यायचा?”, “यात मीठ घालायचं का आता?” असं विचारा. उत्तर चुकलं असं ज्यात होऊच शकत नाही तोच प्रश्न चांगला. मी तर आता बहुतेक वेळा विचारतच नाही, वस्तू हातात देते आणि गप्प बसते. गप्प बसणं शिकायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले.

आधी नाक तपासा

काहींना वास खरोखरच येत नसतो. पार्किन्सन आणि लेवी बॉडी डिमेन्शियात तर हे फार दिसतं. अशा माणसापुढे डब्या उघडत बसलं तर आपण वैतागतो आणि ते गोंधळतात.

दोन सारख्या डब्या घ्या. एकीत नुसता कापूस ठेवा, दुसरीत कापसावर चमचाभर कॉफी पावडर. सर्दी नसलेल्या दिवशी, सकाळी, एकेक डबी नाकापासून वीतभर लांब पाच-दहा सेकंद धरा. काही विचारू नका, फक्त चेहरा बघा. भुवया हलतात का, मान पुढे येते की मागे जाते, हात डबीकडे येतो का. असं तीन वेगवेगळ्या दिवशी करा. दोन्ही डब्यांना चेहरा सारखाच कोरा राहिला तर नाक फारसं काम करत नाही असं समजा.

ही तपासणी कापूर, पुदिना, निलगिरी किंवा मिरीनं करू नका. या वस्तूंचा जो झोंबणारा, थंड करणारा भाग असतो तो वासाच्या नसेतून कळत नाही, चेहऱ्याच्या संवेदनेच्या नसेतून कळतो. वास अजिबात न येणारा माणूसही कापरानं दचकतो आणि घरच्यांना वाटतं की नाक शाबूत आहे.

नाक गेलेलं आढळलं तर त्याच दिवशी एक काम करा. गॅस सुटल्याचा वास या माणसाला येणार नाही आणि आंबलेलं वरणही कळणार नाही. वापर झाला की रेग्युलेटर बंद करायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा आणि फ्रीजमधलं शिळं अन्न त्यांच्या हाताला लागू देऊ नका. गप्पा थांबवायची मात्र गरज नाही. डबीऐवजी अख्खी वस्तू हातात द्या: धण्यांचा खुळखुळाट, साबणाचा गुळगुळीतपणा, गजऱ्याचा गारवा. आठवणीला शिरायला ती वाटही पुरते.

कोणत्या वयातला वास शोधायचा

इथं जवळजवळ सगळे फसतात, मीही फसले. आजीसाठी म्हणून आपण आपल्या लहानपणीचे वास गोळा करतो. मी दिवाळीतला मोती साबण आणला होता. उटणं, मोती, पहाटेची आंघोळ, माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. आत्तींनी तो उलटा-पालटा करून बाजूला ठेवला. मग हिशेब केला. मोती बाजारात आला 1970च्या दशकात. आत्ती तेव्हा तिशीत होत्या, पदरात तीन पोरं होती. मोती ही त्यांच्या मुलांची आठवण, त्यांची नाही.

शब्दांनी किंवा फोटोंनी जाग्या होणाऱ्या आठवणी साधारण दहा ते तीस या वयातल्या असतात. वासानं जाग्या होणाऱ्या बऱ्याचशा त्याहून आधीच्या, पहिल्या दहा वर्षांतल्या. म्हणून माणसाचं जन्मसाल काढा, त्यात पाच ते दहा मिळवा आणि त्या सालात, त्या गावात, त्या घरात नाकाला काय लागत असेल याची चौकशी करा. त्यांची धाकटी बहीण, भाऊ, माहेरची शेजारीण हयात असेल तर फोन करा. विचारताना “तिला कोणता वास आवडायचा?” असं विचारलं तर कुणाला काही सांगता येत नाही. “न्हाणीघरात काय असायचं? डोक्याला काय लावायचा? चटणी कुठं कुटायचा? देवाला कोणतं फूल?” असं एकेक जागा धरून विचारलं की माणसं बोलायला लागतात.

आत्तींच्या धाकट्या बहिणीनं मला फोनवर तासभर सांगितलं. माहेर जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याशी. डोक्याला आठवड्यातून एकदा शिकेकाई, तीही घरी उकळलेली. साबण असलाच तर अंगालाही तोच आणि कपड्यालाही तोच. चटणी उखळात, अंगणात, चार बायका मिळून. आणि चैत्रात घरभर दवणा. माझ्या सात डब्यांपैकी एकही या यादीत बसत नव्हती.

पुरुषांची यादी अर्थातच वेगळी निघते. मंगळवार पेठेतल्या एका आजोबांना मसाले-फुलांनी काही होत नव्हतं. त्यांच्या मुलानं तालमीतून आखाड्याची मूठभर लाल माती आणली, ताक-हळद-तेल घालून मळलेली. आजोबांनी ती तळहातावर घेतली आणि दंडाला चोळायला लागले. दाढीचा साबण आणि ब्रशसुद्धा पुरुषांत चांगला चालतो, वस्तरा तेवढा लपवून ठेवायचा.

सामान

फार काही लागत नाही. लक्ष्मीपुरीत कुठल्याही मसाल्याच्या दुकानात पंचवीस-पंचवीस ग्रॅम सुटं मिळतं आणि तेवढंच घ्यावं. मसाला अख्खा घ्या, पूड घेऊ नका, पुडीचा वास लवकर उडतो. झाकण घट्ट बसणाऱ्या काचेच्या किंवा स्टीलच्या डब्या वापरा. प्लास्टिकमध्ये एकदा लवंग ठेवली की पुढे त्यात काहीही ठेवलं तरी लवंगच येते. साबण आणि मसाले एका कपाटात ठेवू नका. मी ठेवले होते, महिनाभर दगडफुलाला चंदनाचा वास येत होता.

दगडफूल मात्र घ्याच. ते नुसतं हुंगलं तर मातकट, जवळजवळ निर्वास लागतं, पण गरम तव्यावर पडलं की कोल्हापूरच्या मसाल्याचा ओळखीचा वास एकदम उभा राहतो.

एक बैठक, सुरुवातीपासून

वेळ सकाळी दहा-साडेदहाची, आंघोळ झालेली, जेवण व्हायचं असलेली. संध्याकाळी या माणसांची घालमेल वाढते, तेव्हा नको. त्या खोलीत उदबत्ती लावू नका, फरशी फिनाईलनं पुसलेली नको, तुमच्या केसांना वासाचं तेल नको. टीव्ही बंद. एका बैठकीत जास्तीत जास्त तीन वास आणि सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. एकच वास मिनिट-दोन मिनिटं नाकापाशी राहिला की नाक त्याला सरावतं आणि तो येईनासा होतो, म्हणून वस्तू दूर न्यायची, थोडं बोलायचं, मग परत आणायची. दोन वासांच्या मध्ये दोन-तीन मिनिटं जाऊ द्यायची.

चटणीची बैठक मी अशी केली. अख्खे धने दोन चमचे, तीळ एक चमचा, सुकं खोबरं दोन बोटांएवढा तुकडा किसून, जिरं अर्धा चमचा, दगडफूल चिमूटभर, दोन लवंगा, एक मसाला वेलदोडा, लसणाच्या तीन पाकळ्या. मिरची नाही. चटणीत मिरची नाही म्हणजे कोल्हापुरात गुन्हाच, पण मिरचीचा खकाणा म्हाताऱ्या छातीला सोसत नाही आणि तेच हात डोळ्यांना लागतात. ज्यांना मिरचीशिवाय चालतच नाही त्यांना तयार चटणीची डबी झाकण किलकिलं करून लांबून दाखवावी.

आत्तींना स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर बसवलं, गॅसपासून दोन हात लांब. मी काही बोलले नाही. तव्यावर मंद आचेवर आधी धने टाकले, ते काढून खोबरं, ते काढून तीळ. तिळापाशी माझं लक्ष गेलं आणि ते जरा जास्त तडतडले. मागून आवाज आला, “तीळ करपल्यात.”

सहा महिन्यांत त्यांनी माझ्या कामात काढलेली ती पहिली खोड. मला कोण आनंद झाला.

गॅस बंद केला, तवा उचलून ओट्याच्या आतल्या बाजूला ठेवला. भाजलेलं सगळं थोडं निवू दिलं आणि जड, लहान खलबत्ता आत्तींच्या समोरच्या स्टुलावर ठेवला, खाली ओलं फडकं घालून, म्हणजे सरकत नाही. “आत्ती, एवढं कुटून देता का? माझा हात दुखतोय.” बत्ता उजव्या हातात दिला आणि चमचाभर धने आत टाकले. त्यांनी एकदा बत्त्याकडे बघितलं, मग डाव्या हाताची ओंजळ खलाच्या तोंडावर धरली, उडू नये म्हणून, आणि कुटायला लागल्या. ही ओंजळ मी त्यांना दाखवली नव्हती. नाव विसरलं तरी हाताला सवय राहते. म्हणून डबी नुसती हुंगवण्यापेक्षा कुटणं, चोळणं, निवडणं, ओवणं असं काम त्या वासासोबत द्यायचं. शिवाय कुटल्यानं वासही ताजा सुटतो.

तिसऱ्या-चौथ्या घावानंतर त्या म्हणाल्या, “पदर लावा गं तोंडाला, सगळ्या खोकताय.” अंगणातल्या बायकांना सांगत होत्या. मी पदर तोंडाला लावला. मग त्यांनी मला बहिणीच्या नावानं हाक मारली आणि “आई आली का बघ बाजारातनं” म्हणाल्या. आई जाऊन चाळीस वर्षं झालीत हे सांगायची ही जागा नाही. खोटंही बोलावं लागत नाही. “आईच्या हातची चटणी कशी व्हायची?” एवढं विचारलं आणि पुढची दहा मिनिटं त्या बोलत होत्या. त्यातलं निम्मं मला समजलं नाही.

शेवटी कुटलेलं तेलात कालवून ज्वारीच्या भाकरीच्या तुकड्यावर त्यांना दिलं. हे विसरू नका. असला वास नाकाशी नेऊन ताटात काहीच न देणं हा छळ आहे. गिळायला त्रास होत असेल तर भाकरी वरणात कुस्करून वर नखभर लावा.

थांबायचं कधी, हे चेहरा सांगतो. मान वळवली, वस्तू ढकलली, नाक चोळलं, आवाज चढला, किंवा “घरी जायचंय” सुरू झालं की बैठक संपली, पाचच मिनिटं झाली असली तरी. चांगलं चाललंय म्हणून ओढत बसायचं नाही. आठवड्यातून दोनदा पुरे, रोज केलं तर तेही टेबलावरच्या सात डब्यांसारखं होतं.

साबण आणि शिकेकाई

कोरड्या वडीचा वास कमी येतो. कोमट पाण्यानं ओली करून तळहातावर घासली की वास सुटतो. पण साबण बर्फीसारखा दिसतो आणि मधल्या टप्प्यातला माणूस तो चावतो, हे मी दोन घरांत पाहिलंय. म्हणून वडी कधी समोर उघडी ठेवायची नाही. किसणीवर थोडा साबण किसायचा, मलमलीच्या तुकड्यात घट्ट पुरचुंडी बांधायची आणि ती हातात द्यायची.

कोणता साबण, हे पुन्हा सालावर. मैसूर सँडल 1910च्या दशकापासून बनतोय, त्यामुळे ज्या घरांत तो परवडत होता तिथल्या आज्यांना तो चालतो. खेड्यातल्या, बेताच्या घरातल्या बहुतेकांना अंगाचा लाल कार्बोलिक साबण किंवा कपड्याची वडी जास्त जवळची. एक मात्र लक्षात ठेवा, जुन्या नावाच्या नव्या वडीला जुना वास असेलच असं नाही. लाल साबणाचा तो दवाखान्यासारखा कार्बोलिक वास आता उरलेला नाही. वेष्टन बघून आजोबा हसले आणि वास घेऊन कपाळाला आठ्या पडल्या तर चूक त्यांची नाही.

आत्तींसाठी शिकेकाईच खरी होती. चार-पाच शेंगा रात्री भिजत घालायच्या, सकाळी दोन पेले पाण्यात दहा मिनिटं उकळायच्या, कुस्करून गाळायच्या. पाणी कोमट झालं की पसरट भांड्यात घेऊन त्यांचे दोन्ही हात त्यात बुडवायचे. केसांना लावायची नाही, डोळ्यांत गेली तर आग होते आणि पुढचे पंधरा दिवस आंघोळीचं नाव काढता येत नाही. नुसते हात धुवायचे.

त्या काळात आत्ती आंघोळीला घाबरायच्या. न्हाणीघराच्या दारात हातानं चौकट धरून ठेवायच्या. शिकेकाईच्या पाण्यात हात चोळता चोळता एकदा त्यांनी आपणहून माझ्या डोक्यावर पाणी लावलं, मला न्हाऊ घालायला लागल्या. मग मी म्हटलं, “आता तुम्हांला मी घालते.” त्या दिवशी चौकट सुटली. दर वेळी सुटली नाही. दहातून तीन-चारदा, असा माझा अंदाज. तेवढ्यानंही घरात फरक पडतो.

फुलं, आणि निशिगंधाचा दिवस

अंबाबाईच्या देवळाबाहेर, महाद्वार रोडला वेण्या-गजरे मिळतात, पण तयार गजरा आणण्यापेक्षा सुटी फुलं आणा. सुई नको. केळीच्या सोपटाचा ओला दोरा द्या आणि दोन-दोन कळ्यांना गाठ मारत जायला सांगा. पहिली गाठ तुम्ही मारा. मोगऱ्याच्या कळ्या सकाळी बंद असतात, तेव्हा ओवायला बऱ्या आणि वासाला कमी, सायंकाळी उमलल्या की वास येतो. म्हणून ओवायचं सकाळी आणि गजरा पाणी शिंपडून ओल्या फडक्यात ठेवून चारच्या चहाला माळायचा. अबोली नुसती रंगाला, तिला वास नसतो, पण वेणीत हाताला लागली तर आठवण तीही काढते.

आता निशिगंध. मला त्याचा वास फार आवडतो. एका दुपारी मी दोन दांड्या आणून आत्तींच्या पलंगाशी ठेवल्या. थोड्या वेळानं बघते तर त्या भिंतीकडे तोंड करून रडत होत्या आणि हातानं चादर सारखी करत होत्या, पुन:पुन्हा, एखाद्याच्या अंगावरची केल्यासारखी. मामंजी गेले तेव्हा सगळे हार निशिगंधाचे होते. मी नसले तरी माझा नवरा तिथं होता, त्याला विचारायला हवं होतं.

असं झालं तर फूल गुपचूप खोलीबाहेर न्या, खिडकी उघडा आणि परत येऊन शेजारी बसा. “काय झालं? रडू नका” म्हणू नका. “मामंजींची आठवण आली का” असं हळू म्हटलं तर चालतं, माणूस त्यावर बोलला तर ऐकायचं. हात हातात घ्यायचा. दहा मिनिटांनी चहा. आणि तो वास वहीत “नको” म्हणून लिहून ठेवायचा, म्हणजे दुपारी येणाऱ्या मावशी हौसेनं तोच गुच्छ आणणार नाहीत. सुरू करण्याआधीच घरात विचारून घ्या: घरातला मृत्यू, बाळंतपण, आग, दवाखाना, या प्रसंगांना कोणते वास होते?

दवणा चैत्रात येतो, जोतिबाच्या यात्रेच्या सुमारास. हिरव्या-करड्या बारीक पानांच्या जुड्या. त्या सावलीत वाळवून कागदात गुंडाळून डब्यात ठेवल्या तर पुढे कित्येक महिने वास टिकतो, उन्हात वाळवल्या तर उडतो. एक काडी बोटांत चुरडून द्यायची, बस्स. आत्तींच्या माहेराकडची कितीतरी माणसं मला दवण्यामुळे भेटली, बहुतेक सगळी माझ्या जन्माआधी गेलेली.

जे हाताशी ठेवायचं नाही

या माणसांच्या हातात दिलेली प्रत्येक वस्तू तोंडात जाऊ शकते असं धरूनच चाला. कापराच्या वड्या गिळल्या तर थोड्या प्रमाणातही झटके येऊ शकतात, म्हणून देवघरातला कापूरही कुलुपात. जुन्या ट्रंकेचा वास हवा म्हणून डांबरगोळ्या हातात देऊ नका, त्याही विषारी. ट्रंकेतली साडी दिली की तोच वास येतो, देण्याआधी घडी झटकून गोळी राहिली नाही ना एवढं बघा. परडीत कण्हेर नको, तिचं पान-फूल सगळंच विषारी. अख्खी लवंग, वेलदोडा, सुपारी घशात अडकते, गिळण्याचा त्रास असेल तर मलमलीत बांधूनच द्या. सुगंधी तेलांच्या कडक अर्काच्या बाटल्या मी वापरतच नाही. त्या कातडीला पोळतात, आणि तसला वास आपल्या म्हाताऱ्यांच्या आयुष्यात कधी नव्हताच. दमा असेल तर भाजणं, कुटणं, धूप सोडून नुसती फुलं आणि साबण, तेही डॉक्टरांना विचारून.

आणखी एक. कालपर्यंत डबी हातात घेणारा माणूस दोन-तीन दिवसांत एकदम सुस्त झाला किंवा भलतंच बडबडायला लागला, तर आजार पुढे सरकला म्हणून बसून राहू नका. डिमेन्शिया सहसा इतक्या झपाट्यानं वाढत नाही. बहुतेकदा लघवीतला जंतुसंसर्ग, ताप, पाणी कमी पडणं, नवं औषध असलं काहीतरी असतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

वही

साधी शंभर पानी वही ठेवा. तारीख, वेळ, वस्तू, हातानं काय केलं, तोंडून आलेले शब्द जसेच्या तसे, आणि पुन्हा आणायचं की नाही. “छान वाटलं” असं लिहू नका, त्यातून महिन्यानं काहीच कळत नाही. “धने हुंगले, दोन दाणे वेचून पदराला बांधले” असं लिहा. चार-सहा आठवड्यांनी पानं चाळली की दिसतं की चार वासांना दर वेळी हात पुढे येतो आणि बाकीच्यांना कधीच नाही. मग तेच चार ठेवायचे. मसाला महिन्या-दीड महिन्यानं बदलायचा. डबी तुम्हांलाच मंद लागायला लागली तर त्यांना ती कधीचीच येत नसते.

शेवटच्या वर्षात आत्ती फार बोलत नव्हत्या. त्या वहीतलं एक पान इथं उतरवते, नोंद कशी असावी ते कळायला:

“सकाळी साडेदहा. शिकेकाईचं पाणी, हात बुडवले, लगेच काढले. आज नको. मग दवणा, एक काडी. डोळे मिटले. बोलल्या नाहीत. काडी कमरेला खोचली. रात्री लुगडं बदलताना काढायला गेले तर माझा हात धरला. तशीच ठेवली. परत आणायचा.”